शेवटचे तीन किलो

स्थूल मनुष्याने आपल्या दैनंदिन आहारातून सातशे-आठशे कॅलरी कमी केल्या, तरी त्याचे शरीर ही तूट आपल्या विपुल मेदसंचयातून बहुधा निमूटपणे भरून काढते, आणि आठवड्यामागून आठवडे वजनाचा काटा खाली सरकत राहतो. परंतु हाच हिशेब जेव्हा आधीच सडपातळ असलेला, नियमित व्यायाम करणारा आणि बेंबीखालची एक पातळ घडी तेवढीच काय ती बाकी उरलेला मनुष्य स्वतःस लागू करतो, तेव्हा अवघ्या काही आठवड्यांत त्याच्या अनुभवाचे स्वरूप पालटते. काटा अडतो, कालपर्यंत सहज उचलली जाणारी वजने जड वाटू लागतात, पहाटे तीन वाजता भुकेने जाग येते आणि दिवसभर मनात जेवणाखेरीज दुसरा विचार टिकत नाही. अशा वेळी तो आपल्या निग्रहास दोष देतो आणि आहार आणखी कमी करतो. वास्तविक त्याच्या निग्रहात काही उणे नसते. ज्या साठ्यातून तूट भरून यावयाची तो साठाच आता लहान झालेला असतो, आणि लहान साठ्यातून ऊर्जा काढण्याचा वेगही लहानच असतो.

ही गोष्ट नुसत्या तर्काची नाही. २००५ साली सेमूर आल्पर्ट या अमेरिकन संशोधकाने उपासमारीवरील जुन्या प्रयोगांच्या आकड्यांवरून असे गणित मांडले, की शरीरातील एक किलो चरबी दिवसाकाठी सुमारे ६९ कॅलरींहून अधिक ऊर्जा पुरवू शकत नाही. ज्याच्या अंगी तीस किलो चरबी आहे त्याच्या बाबतीत ही मर्यादा दोन हजार कॅलरींच्या वर जाते, म्हणजे व्यवहारात तिचा अडसर त्यास कधीच जाणवत नाही. दहा किलो चरबीच्या मालकास मात्र ती ६९० वर आणून ठेवते, आणि सात किलो उरल्यावर ४८० वर. हे गणित एक अंदाज आहे आणि तोही कमाल मर्यादेचा. म्हणून त्या सीमेपर्यंत जाण्याची तजवीज कोणी करू नये, निम्म्यावर थांबावे हेच शहाणपणाचे. गावावर बसविलेला सारा पिकाच्या मानाने असला म्हणजे रयत तो धान्यातून देते, आणि पिकाहून अधिक वसूल करू गेल्यास गोठ्यातले बैल विकून देते; शरीराचेही तसेच आहे, आणि त्याचे बैल म्हणजे त्याचे स्नायू. मनुष्य जितका कृश, तितका त्याच्या घटलेल्या वजनात स्नायू आणि अन्य मेदविरहित ऊतींचा वाटा मोठा, हे गिल्बर्ट फोर्ब्ज या शरीररचनेच्या अभ्यासकाने अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून दाखविले होते.

याला आणखी एका स्थानिक कारणाची जोड मिळते. मेदपेशीतून चरबी बाहेर पडावी असा हुकूम ॲड्रिनलिनसारखी संप्रेरके देतात. पण त्या पेशीच्या पृष्ठावर हा हुकूम पाळणारी ग्राहके असतात तशीच तो रोखून धरणारीही असतात. पुरुषांच्या ओटीपोटावर आणि स्त्रियांच्या नितंब-मांड्यांवर या दुसऱ्या जातीच्या ग्राहकांचे प्रमाण अधिक असते, आणि तेथील रक्तप्रवाहही तुलनेने मंद असतो. म्हणून चेहरा, दंड आणि छाती यांवरील चरबी उतरून गेल्यावरही हे भाग मागे राहतात. त्यांसाठी पोटाचे विशेष व्यायाम करून उपयोग नाही. सर्व शरीराची तूट अल्प प्रमाणात पण दीर्घ काळ चालू ठेवणे हाच त्यावर उपाय आहे.

येथवर ज्यास सडपातळ म्हटले तो खरोखर सडपातळ आहे की नाही, हे आधी ठरविले पाहिजे, कारण आपल्याकडे या बाबतीत मोठी फसगत होते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आपली दोघांची छायाचित्रे शेजारीशेजारी छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, नेमका २२.३ होता, तथापि युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक हातापायांच्या, पण पोट सुटलेल्या ज्या माणसास आपण सहज सडपातळ म्हणतो, त्याची समस्या बहुधा शेवटच्या तीन किलोंची नसतेच. त्यास प्रथम स्नायू कमवावयाचे असतात. हे प्रकरण आहे ते ज्याने वर्ष-दोन वर्षे वजने उचलून अंगावर स्नायू धरले आहेत, ज्याच्या कंबरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून स्पष्टपणे कमी आहे, आणि ज्याची चरबी पुरुष असल्यास चौदा-पंधरा टक्क्यांच्या आणि स्त्री असल्यास बावीस-तेवीस टक्क्यांच्या आसपास आहे, अशा व्यक्तीसाठी. वाढीच्या वयातील मुलामुलींनी, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी, मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी आणि खाण्याविषयीच्या मानसिक विकारातून पूर्वी गेलेल्यांनी ते स्वतःवर परस्पर अमलात आणू नये.

आता एक उदाहरण तपशीलवार घेऊ. एक पुरुष, उंची १७२ सेंटिमीटर, वजन ७० किलो, बेंबीपाशी घेर ८० सेंटिमीटर. चरबी १४ टक्के धरली तर ती ९.८ किलो भरते, आणि उरलेले ६०.२ किलो म्हणजे स्नायू, अस्थी, अवयव आणि पाणी. त्यास तीन किलो चरबी उतरवून ६७ किलोंवर, म्हणजे सुमारे दहा टक्क्यांवर, यावयाचे आहे. पहिले काम आहारात कपात करण्याचे नाही. आपले वजन किती कॅलरींवर स्थिर राहते हे निश्चित करण्याचे आहे. त्यासाठी तो दोन-तीन आठवडे नेहमीचेच जेवण मोजून जेवतो, रोज सकाळी शौचानंतर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी वजन करतो आणि साप्ताहिक सरासरी स्थिर असल्याचे पाहतो. समजा, हा आकडा २५०० निघाला. एक किलो मेदऊतीत सुमारे ७७०० कॅलरी साठलेल्या असतात. तेव्हा तीन किलोंची एकूण रक्कम झाली २३,१००.

ही रक्कम तो दोन हप्त्यांत फेडतो. पहिले सहा आठवडे रोज ३५० कॅलरींची तूट, म्हणजे ४२ दिवसांत १४,७००, अर्थात जवळजवळ १.९ किलो. त्यानंतर दोन आठवडे तूट पूर्णपणे बंद. या काळात तो भात-भाकरीचे प्रमाण वाढवून वजन स्थिर राखण्याइतके जेवतो. या विश्रांतीने चयापचयात काही चमत्कार घडतो असे नाही. पण स्नायूंतील ग्लायकोजेनचा साठा भरतो, व्यायामातील जोर परत येतो, झोप सुधारते आणि पुढचा हप्ता पाळण्याची मनाची तयारी होते. मग शेवटचे सहा आठवडे रोज केवळ २०० कॅलरींची तूट, म्हणजे ८४००, सुमारे १.१ किलो. एकंदर चौदा आठवडे लागले. पहिल्या हप्त्याच्या आरंभी आल्पर्टच्या गणिताने त्याची कमाल मर्यादा ६७५ च्या घरात होती आणि शेवटी ती ४७० च्या घरात उतरली. दोन्ही वेळी त्याची मागणी त्या मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास किंवा तिच्याही खाली राहिली. हीच तीन किलो चरबी रोज सातशेची तूट धरून पाच आठवड्यांत उतरविण्याचा बेत कागदावर सुबक दिसतो, पण साठा देऊ शकतो त्याहून अधिक मागणे हेच त्याचे स्वरूप असल्याने उतरलेल्या वजनात स्नायूंची भर पडते, आणि आरशासमोर उभा राहिलेला मनुष्य हलका झाला तरी अधिक रेखीव झालेला नसतो. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आठवड्यास वजनाच्या ०.७ टक्के उतरविणाऱ्या गटाने व्यायामाच्या साह्याने मेदविरहित ऊतींत थोडी वाढही साधली. दुप्पट वेगाने उतरविणाऱ्या गटास ती साधली नाही.

या सगळ्या काळात स्नायू टिकविण्याची दोनच साधने आहेत, प्रथिने आणि वजनांचा व्यायाम. या गृहस्थास रोज १४० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे वजनाच्या प्रत्येक किलोमागे दोन ग्रॅम, प्रथिने लागतील. मूत्रपिंडे निरोगी असल्यास हे प्रमाण त्रासदायक नाही, मात्र केवळ डाळ आणि उसळींवर ते निभत नाही, त्यांस अंडी, मासे, कोंबडी किंवा पनीर, घट्ट दही, सोयाबीन यांची जोड द्यावी लागते. व्यायामात उचलावयाचे वजन पूर्वीइतकेच ठेवावे आणि थकवा आल्यास आवर्तनांची संख्या कमी करावी. हलकी वजने पुष्कळ वेळा उचलून अंग कोरीव होते, हा समज या टप्प्यावर हानिकारक आहे, कारण जड वजन उचलण्याची गरज उरली नाही म्हणजे ते उचलणारा स्नायू राखण्याचे प्रयोजनही शरीराला उरत नाही.

लहान तूट पाळणे मोठ्या तुटीपेक्षा सौम्य असते, पण ती अचूक पाळणे अधिक कठीण असते. आठशेच्या तुटीत दोनशेची चूक झाली तरी सहाशे शिल्लक राहतात. दोनशेच्या तुटीत तीच चूक सारे काही शून्यावर आणते. आणि आपल्या स्वयंपाकघरात ही चूक नेमकी कोठे होते हे ठाऊक आहे: फोडणीत, कुटात आणि वाढून झाल्यावर वरून सोडलेल्या तुपात. पंधरा मिलिलिटर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात आणि मूठभर, म्हणजे तीस ग्रॅम, शेंगदाण्यांत १७०. उदाहरणातील गृहस्थाने दिवसाकाठी दोन मोठे चमचे तेल आणि वीस ग्रॅम दाण्याचे कूट एवढेच कमी केले, तरी त्याची पहिल्या हप्त्याची ३५० कॅलरींची तूट पुरी होते. भाकरीला हात लावावा लागत नाही. उलट बाजूने पाहिल्यास, तेवढेच तेल आणि कूट नजरेच्या अंदाजाने पडले तर सहा आठवड्यांचे परिश्रम निष्फळ होतात. म्हणून या काळापुरता तरी पळीऐवजी मोजमापाचा चमचा आणि ग्रॅम दाखविणारा लहान काटा वापरावा, आणि घरातील तेल एकत्र पडत असेल तर आपल्या वाट्याचा पदार्थ वेगळा काढून घ्यावा.

खर्चाच्या बाजूनेही अशीच एक गळती असते. तूट सुरू झाली की शरीर नकळत हालचाल आवरते घेते: मनुष्य जिना टाळतो, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालीत असे तो आता बसून बोलतो, रविवारी दुपारी आडवा होतो तो संध्याकाळपर्यंत उठत नाही. दिवसाच्या दीडदोनशे कॅलरी अशा रीतीने वाचतात, आणि शेवटच्या हप्त्याची सगळी तूट त्यांनीच भरून निघते. उपाय सोपा आहे: आरंभी आपण रोज किती पावले चालतो हे मोजून ठेवावे आणि पुढे तेवढीच पावले पुरी करावीत. वाढविण्याची गरज नाही; कमी होऊ देऊ नयेत एवढेच.

वजनाचा काटा या टप्प्यावर फार सावधपणे वाचावा लागतो. पहिल्या हप्त्यात आठवड्याला ३०० ग्रॅम आणि दुसऱ्यात जेमतेम १८० ग्रॅम चरबी उतरणार; आणि शरीरातील पाण्याची चढउतार मात्र एका दिवसात किलोभर सहज होते. एका लग्नातले खारट जेवण, एक अपुरी झोप, पायांचा कसून केलेला व्यायाम यांपैकी काहीही तीन आठवड्यांची प्रगती झाकून टाकू शकते. ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी साठते, म्हणून भाताचे दोन घास अधिक झाले तरी दुसऱ्या दिवशी काटा वर जातो, आणि त्या वाढीत चरबी नसते. तेव्हा रोजच्या आकड्यावर निर्णय न घेता साप्ताहिक सरासरी काढावी, तीन आठवड्यांपूर्वीच्या सरासरीशी तिची तुलना करावी, आणि आठवड्यातून एकदा बेंबीपाशी फीत लावून घेर टिपावा. स्त्रियांनी मासिक चक्रातील त्याच आठवड्याशी तुलना करावी, अन्यथा पाळीपूर्वीचे पाणी त्यांस अकारण निराश करील. तीन आठवडे सरासरीही हलली नाही आणि घेरही हलला नाही, तर प्रथम मोजमाप तपासावे, मग पावले तपासावीत, आणि दोन्ही बिनचूक निघाल्यावरच आणखी शंभर कॅलरी कमी कराव्यात.

स्त्रियांच्या बाबतीत एक वेगळी मर्यादा ध्यानी ठेवणे अत्यावश्यक आहे. अ‍ॅन लॉक्स या संशोधिकेने तरुण स्त्रियांवर केलेल्या प्रयोगांत, व्यायामात खर्ची पडलेली ऊर्जा वजा जाता मेदविरहित वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० कॅलरींहून कमी ऊर्जा उरली, की बीजकोषांस प्रेरणा देणाऱ्या संप्रेरकाची स्पंदने अवघ्या पाच दिवसांत विस्कळीत होऊ लागतात असे दिसले. ५४ किलो वजनाच्या आणि २२ टक्के चरबीच्या स्त्रीचे मेदविरहित वजन ४२ किलो भरते. म्हणजे १२६० कॅलरी केवळ शरीराच्या अंतर्गत कारभारास हव्यात, आणि व्यायामात २५० खर्च होत असतील तर आहार १५०० च्या खाली जाता कामा नये. तिचे वजन १८०० वर स्थिर राहत असेल, तर तिच्या वाट्यास येणारी तूट जास्तीत जास्त तीनशेची. ही सीमा प्रत्येकीस तंतोतंत लागू पडते असे नाही; पण तिच्या आत राहणे हितावह आहे, कारण पाळी थांबण्याचा परिणाम पुढे अस्थींच्या घनतेवर होतो आणि ती हानी पूर्णतः भरून येईलच अशी शाश्वती नसते.

थांबावे केव्हा, हा प्रश्न बहुतेक लोक ध्येयाच्या आकड्यावर सोपवितात. वस्तुतः तो शरीराच्या साक्षीवर सोपविला पाहिजे, आणि कोणती साक्ष मानावयाची हे आरंभीच, मन स्वस्थ असताना, लिहून ठेवले पाहिजे. मुख्य व्यायामांतील बळ लागोपाठ दोन-तीन आठवडे घसरत असेल, तर सारा आता बैल विकून भरला जात आहे असे समजावे. पुरुषाची कामेच्छा आणि पहाटेचे लिंगोत्थान नाहीसे होणे, स्त्रीची पाळी लांबणे, उन्हाळ्यातही हातपाय गार राहणे, झोप वारंवार मोडणे, विसाव्याच्या वेळची नाडी पूर्वीपेक्षा बरीच मंदावणे, आणि अन्नाचा विचार कामात सतत आडवा येणे, ही दुसऱ्या वर्गातील लक्षणे. एखादे लक्षण आठवडाभर दिसले तर तूट थांबवून विश्रांतीचे दोन आठवडे घ्यावेत. विश्रांतीनंतरही ते गेले नाही, किंवा दोन-तीन लक्षणे एकत्र आली, तर मोहीम तेथेच संपली असे मानावे, मग वजन ६७ असो वा ६८.५. पाळी चुकल्यास मात्र थांबण्यासाठी दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नये, आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा.

ही सीमा ओलांडणाऱ्याचे काय होते याची नोंद उपलब्ध आहे. औषधांचा आधार न घेणाऱ्या एका शरीरसौष्ठवपटूचा स्पर्धेपूर्वीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने असा वर्षभर अभ्यास करण्यात आला आणि तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ टक्क्यांवर आली. त्याबरोबर टेस्टोस्टेरॉन पूर्वीच्या चौथ्या हिश्श्यावर उतरले आणि नाडी मिनिटास ५३ वरून २७ वर. स्पर्धेनंतर सहा महिन्यांत बहुतेक आकडे पूर्वपदावर आले, परंतु बळ तेव्हाही पूर्णपणे परतले नव्हते. रंगमंचावर एक दिवस उभे राहणे हे ज्याचे उद्दिष्ट आहे त्याने ही किंमत जाणूनबुजून मोजली. ज्यास आपली नोकरी, संसार आणि व्यायाम वर्षानुवर्षे सांभाळावयाचा आहे त्यास ती मोजण्याचे कारण नाही.

अतिरेकाची दुसरी शिक्षा नंतर येते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी युद्धसेवेस नैतिक नकार देणाऱ्या ३६ तरुणांवर त्यांच्या संमतीने अर्धउपासमारीचा प्रयोग केला. सहा महिन्यांत त्यांचे सुमारे एक चतुर्थांश वजन उतरले, आणि पुढे मनसोक्त जेवण्याची मुभा मिळताच त्यांची चरबी मूळ पातळीच्याही वर गेली. त्या आकड्यांचा अब्दुल दुलू यांनी पुढे फेरविचार केला, तेव्हा असे दिसले की चरबी परत मिळाल्यावरही भूक शमली नाही. हरवलेल्या मेदविरहित ऊती भरून येईपर्यंत ती कायम राहिली. अर्थात घाईने गमावलेला प्रत्येक किलो स्नायू पुढे भुकेच्या रूपाने आपले येणे वसूल करतो, आणि ती वसुली चरबीच्या वाढीत होते. स्नायू राखून सावकाश उतरणाऱ्याच्या शरीराचे मात्र कोणाकडे फारसे येणे उरलेले नसते.

म्हणून थांबल्यानंतरचे पहिले दोन महिने हे मोहिमेचाच भाग समजावे. उदाहरणातील गृहस्थ ६७ किलोंवर पोहोचला म्हणजे त्याचे स्थिर वजनाचे प्रमाण पूर्वीचे २५०० राहत नाही, ते सुमारे २३५० ते २४०० वर आलेले असते. तेथवर त्याने पंधरवड्याभरात यावे, वाढ प्रामुख्याने धान्य आणि फळांतून करावी, आणि तेलाचा चमचा आणखी काही काळ हातात ठेवावा. पहिल्या आठवड्यात एखादा किलो परत येईल, तो ग्लायकोजेनचा आणि पाण्याचा आहे हे ओळखून स्वस्थ राहावे. पुढे एकाच आकड्यावर अडून न राहता ६७ ते ६८.५ असा पट्टा आपला मानावा, आणि साप्ताहिक सरासरी सलग तीन आठवडे त्याच्या वर राहिली तरच दोनशेची लहान तूट महिनाभर पुन्हा लावावी. जर दोन महिन्यांनंतरही हे वजन राखण्यासाठी रोज उपाशी उठावे लागत असेल, व्यायामात जोर नसेल आणि झोप लागत नसेल, तर निष्कर्ष स्पष्ट आहे: या व्यक्तीस दहा टक्के पेलत नाहीत, बारा टक्के पेलतात, आणि दीड किलो अधिक वजनाने जगणे हीच तिची खरी निरोगी स्थिती आहे. हा निष्कर्ष पराभवाचा नाही; चौदा आठवड्यांच्या काळजीपूर्वक नोंदींतून मिळालेले ते आपल्या शरीराविषयीचे सर्वांत उपयुक्त ज्ञान आहे, आणि पुढची कोणतीही मोहीम त्याच आकड्यापासून आखावयाची आहे.